जेकोबी, गाउस-सायडेल आणि ०.०१ वर थांबलेली तार

प्रश्न: वीज वाहणाऱ्या तारेचं तापमान काढायचा प्रोग्रॅम लिहिलाय. तारेचे १०० तुकडे, दोन्ही टोकं हवेच्या तापमानाला, आतल्या ९९ बिंदूंसाठी `2.02*x[i] - x[i-1] - x[i+1] = 1`. जेकोबी आणि गाउस-सायडेल दोन्ही करून पाहिले. सगळे म्हणतात गाउस-सायडेलला निम्म्या फेऱ्या लागतात. माझ्याकडे दोन्ही २३० च्या आसपासच थांबतात. जेकोबीची पहिली फेरी हाताने ताडून पाहिली, बरोबर आहे. टॉलरन्स ०.०१ आहे, पण मधल्या बिंदूचं तापमान मित्राच्या उत्तरापेक्षा अर्ध्या अंशाने कमी येतं. मॅट्रिक्स डायगोनली डॉमिनंट आहे, मग चुकतंय कुठे? कोड सोबत जोडलाय.

उत्तर:

दोन वेगळ्या चुका आहेत, आणि पहिली सुधारलीत की दुसरी आणखी ठळक दिसेल. आधी पहिली. तुमच्या जेकोबीतल्या कामाच्या ओळी अशा आहेत:

```python
x_old = np.zeros(101)
x_new = np.zeros(101)
while True:
    d = 0
    for i in range(1, 100):
        t = (1 + x_old[i-1] + x_old[i+1]) / 2.02
        d = max(d, abs(t - x_old[i]))
        x_new[i] = t
    x_old = x_new
    if d < 0.01:
        break
```

गोम आहे `x_old = x_new` या ओळीत. पायथनमध्ये या ओळीने आकडे एका ॲरेतून दुसऱ्यात जात नाहीत, एकाच ॲरेला दोन नावं पडतात. पहिल्या फेरीत दोन ॲरे खरोखर वेगळे होते, म्हणून ती फेरी अस्सल जेकोबीची झाली आणि तुमच्या हातच्या हिशोबाशी जुळली. दुसऱ्या फेरीपासून तुम्ही `x_new[i]` मध्ये लिहिलेला आकडा लगेच पुढच्या बिंदूला `x_old[i-1]` म्हणून मिळायला लागला. म्हणजेच गाउस-सायडेल. तुम्ही एकच रीत दोनदा चालवलीत, दोन्हींत फार तर एका फेरीचा फरक पडेल.

एका अर्थी नशीब चांगलं म्हणायचं. फरक `d` तुम्ही लूपच्या आत मोजलात. फेरीच्या शेवटी `x_new - x_old` वजा करून मोजला असता, तर दुसऱ्या फेरीत तो ठणठणीत शून्य आला असता आणि प्रोग्रॅम "जमलं" म्हणून थांबला असता. ती चूक निदान लगेच लक्षात येते. तुमच्यासारखी चूक मात्र महिनोन्‌महिने लपून राहते, कारण शेवटी उत्तर त्याच जागी पोचतं.

ही चूक पकडायला फेऱ्या मोजत बसायची गरज नाही. तुमची तार डावी-उजवीकडे अगदी सारखी आहे: दोन्ही टोकं शून्य, उष्णता सगळीकडे तेवढीच. जेकोबीत प्रत्येक बिंदू फक्त मागच्या फेरीचे आकडे बघतो, त्यामुळे मागची फेरी सममित असेल तर पुढचीही सममितच राहते. गाउस-सायडेल डावीकडून उजवीकडे चालतो, त्यामुळे डाव्या शेजाऱ्याचा ताजा आकडा आणि उजव्याचा शिळा अशी मिसळ होते आणि सममिती मोडते. म्हणून दुसऱ्या फेरीनंतर फक्त `x[1]` आणि `x[99]` छापून बघा. खऱ्या जेकोबीत दोन्ही ०.७४० येतात. तुमच्या कोडमध्ये पहिला ०.७४० आणि दुसरा १.२२१ येईल. दशांशाच्या पार शेवटच्या घरातला फरक बेरजेच्या क्रमामुळे पडू शकतो, पण हा फरक त्यातला नाही.

दुरुस्तीला एक ओळ पुरते: `x_old[:] = x_new` लिहा, किंवा `x_old, x_new = x_new, x_old` अशी अदलाबदल करा. अदलाबदल करणार असाल तर टोकांचे आकडे दोन्ही ॲरेमध्ये भरलेले हवेत. तुमची टोकं शून्य आहेत म्हणून निभावेल. उद्या एक टोक ८० अंशांवर ठेवलंत आणि ते एकाच ॲरेत लिहिलंत, तर दर दुसऱ्या फेरीला ते टोक गार पडेल. आणि उलटा घोटाळाही माहीत असू द्या: `x[1:-1] = (1 + x[:-2] + x[2:]) / 2.02` हे नमपायचं वाक्य दिसायला जागच्या जागी बदल करणारं दिसतं, पण उजवी बाजू आधी पूर्ण काढली जाते आणि मग लिहिली जाते, त्यामुळे ते जेकोबीच आहे. एक ॲरे की दोन ॲरे यावरून रीत ठरत नाही. वाचताना कोणता आकडा हाती येतो, यावरून ठरते.

आता दुरुस्त केलेला जेकोबी चालवा. तो ३९० फेऱ्यांच्या आसपास थांबेल. ३९० विरुद्ध २३०. निम्मे तरीही नाहीत. आणि मधल्या बिंदूचं तापमान बघितलंत तर डोक्याला हात लावाल: ४९ च्याही किंचित खाली. खरं उत्तर ४९.९१ आहे. आधी अर्ध्या अंशाची चूक होती, कोड सुधारल्यावर जवळजवळ एका अंशाची झाली. टॉलरन्स तर ०.०१ होता!

इथे दुसरी चूक येते, आणि ती कोडमध्ये नाही, कसोटीत आहे. तुम्ही जे मोजता ते "या फेरीत उत्तर किती हललं". तुम्हाला हवं आहे ते "उत्तर अजून किती लांब आहे". संथ चालणाऱ्या रीतीत या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तुमच्याच तारेचा मधला बिंदू घ्या, हिशोब कागदावर होतो. शून्यापासून सुरुवात केली की पहिल्या ५० फेऱ्यांत मध्याला टोकांची खबरच लागत नाही, कारण जेकोबीत बातमी एका फेरीत एकच घर सरकते. तोवर मध्य आणि त्याचे शेजारी एकसारखे चढतात: नवा आकडा = (१ + जुन्याची दुप्पट) ÷ २.०२. टोकं नसती तर हा आकडा ५० वर जाऊन टेकला असता. ५० पासूनचं अंतर प्रत्येक फेरीत २/२.०२ पट, म्हणजे ०.९९०१ पट होतं. पहिली उडी ०.४९५ ची, दुसरी ०.४९० ची, तिसरी ०.४८५ ची. उड्या लहान होतात, पण इतक्या सावकाश की पुढे राहिलेल्या सगळ्या उड्यांची बेरीज आत्ताच्या उडीच्या बरोबर १०० पट असते. भूमितीय श्रेढीची बेरीज α/(१−α); इथे α = २/२.०२, म्हणून २ ÷ ०.०२ = १००. उडी ०.०१ ची झाली तेव्हा तुम्ही थांबलात, म्हणजे जवळजवळ एक अंश बाकी असताना. (पुढे टोकांचा परिणाम पोचला की पट थोडी उतरते, ९५ च्या आसपास येते, म्हणून चूक पूर्ण १ नसून ०.९७ निघते.)

हा α शोधायला काही जड गणित लागत नाही. प्रत्येक ओळीत कर्णाबाहेरच्या आकड्यांची, चिन्हं सोडून, बेरीज करा आणि तिला कर्णावरच्या आकड्याने भागा. सगळ्या ओळींत जे गुणोत्तर सर्वांत मोठं, तो α. मॅट्रिक्स काटेकोरपणे डायगोनली डॉमिनंट आहे म्हणजे α एकापेक्षा कमी आहे. "डायगोनली डॉमिनंट आहे ना, मग अभिसरण होणारच" हे आपण सगळे परीक्षेत लिहितो, आणि ते खरंही आहे. पण ०.५ आणि ०.९९ दोन्ही एकापेक्षा कमीच आहेत. α ०.५ असताना शेवटची उडी आणि उरलेली चूक सारखीच असतात, तुमची कसोटी तिथे छान चालते. वर्गातली तीन समीकरणांची उदाहरणं बहुतेक तशीच असतात, म्हणून ही सवय कधी मोडतच नाही.

गाउस-सायडेलला ही पट वेगळी पडते. मध्यभागी डावा शेजारी ताजा असतो, तेव्हा समीकरण होतं २.०२ × नवा = १ + नवा + जुना. नवा एका बाजूला आणला की १.०२ × नवा = १ + जुना. अंतर प्रत्येक फेरीत १/१.०२ पट होतं आणि उरलेली चूक शेवटच्या उडीच्या १ ÷ ०.०२ = ५० पट. म्हणून तुमचा अर्धा अंश! आणि फेऱ्या निम्म्या का नव्हत्या तेही इथेच कळतं: ०.०१ ची उडी जेकोबीला एक अंश अलीकडे थांबवते, गाउस-सायडेलला अर्धा अंश अलीकडे. दोघांची शर्यत लावलीत, पण अंतिम रेषा दोन वेगळ्या ठिकाणी आखलीत. दोघांनाही खऱ्या ०.०१ च्या चुकीपर्यंत पळवा. जेकोबीला ८३५ च्या आसपास फेऱ्या लागतात, गाउस-सायडेलला ४२० च्या घरात. आता निम्म्या झाल्या.

निम्मं हे प्रमाणही सगळीकडे लागू नाही. शेजाऱ्याशीच संबंध असलेल्या अशा तीन पट्ट्यांच्या मॅट्रिक्सला ते बसतं. कर्णाबाहेर धन-ऋण मिसळ असलेलं कोणतंही मॅट्रिक्स घेतलंत, तर दोन्ही रीती पोचतील एवढीच हमी डायगोनल डॉमिनन्स देतो. कोण किती पुढे, ते सांगत नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाही, एकदा यात चांगलाच तोंडघशी पडलोय. एका कारखान्याच्या हीटरसाठी असाच हिशोब केला होता. माझा आकडा थर्मोकपलपेक्षा काही अंशांनी कमी यायचा. आठवडाभर आम्ही थर्मोकपल बदलत बसलो, त्याला चिकटवायची पेस्ट बदलली, तारा तपासल्या. शेवटी कंटाळून मी टॉलरन्स शंभरपट बारीक केला आणि हिशोबच वर चढला. शून्यापासून सुरुवात केली की अशा समीकरणांत उत्तर सतत खालूनच येतं, त्यामुळे लवकर थांबलात की तापमान नेहमी कमीच दिसतं. तापमानाच्या कामात ही चुकीची बाजू आहे. तेव्हापासून शंका आली की मी एकदा खालून आणि एकदा वरून सुरू करतो. तुमच्या तारेत टोकं शून्यच ठेवून आतल्या सगळ्या बिंदूंत ६० भरून सुरू केलंत तर प्रत्येक फेरी वरून खाली येईल. खरं उत्तर दोन्हींच्या मध्ये अडकलेलं असतं, आणि दोघांतलं अंतर चूक किती ते उघड सांगतं.

रोजच्या कामाला मात्र मी उडी मोजतच नाही, समीकरणाची शिल्लक मोजतो. हातातले आकडे मूळ समीकरणात घालायचे आणि दोन बाजूंत किती तफावत उरते ते बघायचं. तुमच्या तारेत तिला सरळ अर्थ आहे: त्या बिंदूवर किती उष्णतेचा हिशोब अजून लागलेला नाही. गाउसने १८२३ साली आपला जुना विद्यार्थी गेर्लिंग याला पत्रातून ही रीत समजावली, तेव्हा तोही क्रमाने ओळी घेत नव्हता. ज्या समीकरणाची शिल्लक सर्वांत मोठी, ते आधी सोडवत होता. हे काम अर्धवट झोपेतही करता येतं, असंही त्याने लिहिलंय.

शिल्लकीचा फायदा असा की ती रीतीवर अवलंबून नसते, म्हणून दोघांना एकच फूटपट्टी लागते. प्रत्येक ओळीत कर्णावरचा आकडा बाकीच्यांच्या बेरजेपेक्षा कितीने वरचढ आहे ते बघा. तुमच्याकडे सर्वांत कमी वरचढपणा २.०२ − २ = ०.०२. मग कोणत्याही बिंदूवरची चूक सर्वांत मोठ्या शिल्लकीला ०.०२ ने भागून येईल त्यापेक्षा जास्त असूच शकत नाही. ०.०१ अंशाची हमी हवी तर शिल्लक ०.०२ × ०.०१ = ०.०००२ च्या खाली उतरेपर्यंत चालायचं:

```python
r = np.max(np.abs(1 + x[:-2] + x[2:] - 2.02*x[1:-1]))
if r < 0.02 * 0.01:
    break
```

या कसोटीवर जेकोबी ८४० च्या आसपास थांबतो, म्हणजे खऱ्या गरजेपेक्षा पाच-सहाच फेऱ्या जास्त. हमीची एवढी स्वस्त किंमत नेहमी मिळत नाही. शिल्लक काढायला जवळपास एका फेरीइतकंच काम पडतं, म्हणून दर दहा फेऱ्यांनी एकदा तपासलंत तरी पुरे.

गाउस-सायडेलमध्ये शिल्लक फेरी संपल्यावर, वेगळी काढा. लूपमध्ये जाता जाता गोळा करायचा मोह होतो, पण तिथे प्रत्येक ओळीला अर्धे ताजे, अर्धे शिळे आकडे मिळालेले असतात. ती कोणत्याच एका उत्तराची शिल्लक नसते. आणि फेरी संपताक्षणी शेवटच्या ओळीची शिल्लक नेहमी शून्य असते, कारण ती ओळ आत्ताच सोडवली. मी असा कोड पाहिलाय ज्यात लूपच्या आत `done = abs(t - x[i]) < tol` लिहिलं होतं. प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूचा निकाल पुसतो आणि शेवटी एकट्या ९९ व्या बिंदूचं मत उरतं, जो थंड टोकाला चिकटलेला असल्याने सगळ्यांत आधी स्थिर होतो. जेकोबीत उडी म्हणजेच शिल्लक भागिले २.०२ असते, तिथे वेगळी शिल्लक काढायचीही गरज नाही; उडी ०.०००१ च्या खाली आणली की तीच हमी मिळते.

आता हमी कुठे तुटते ते. तारेवर इन्सुलेशन चढवलंत आणि हवेत जाणारी उष्णता शून्य केलीत, तर कर्णावर २.०२ ऐवजी २ येतो. वरचढपणा शून्य, α एक, आणि वरचे दोन्ही भागाकार निरर्थक. फक्त टोकाच्या दोन ओळी अजून वरचढ असतात, आणि सगळे बिंदू साखळीने जोडलेले असल्याने तेवढ्यावर दोन्ही रीती पोचतात, पण रडतखडत. जेकोबीत दर फेरीला चूक cos(π/१००) पट, म्हणजे ०.९९९५ पट होते. उरलेली चूक शेवटच्या उडीच्या दोन हजार पट. गाउस-सायडेलला हजार पट. अशा वेळी लोक लागोपाठच्या दोन उड्यांचं गुणोत्तर काढून α चा अंदाज बांधतात. करा, पण घाई करू नका. या इन्सुलेटेड तारेत पहिल्या ५० फेऱ्या मधला बिंदू प्रत्येक वेळी नेमका ०.५ ने चढतो, गुणोत्तर बरोबर १ येतं, आणि त्यातून काहीच कळत नाही. गुणोत्तर बऱ्याच फेऱ्या एकाच आकड्यावर स्थिर राहिलं तरच त्याच्यावर विसंबा.

दोन्हींतला कोणता वापरायचा असं पुढे विचाराल म्हणून: एका प्रोसेसरवर, साध्या लूपमध्ये, गाउस-सायडेल, ॲरे एकच लागतो आणि फेऱ्याही कमी. ग्राफिक्स कार्डवर किंवा अनेक कोअरवर एकाच वेळी सगळे बिंदू बदलायचे असतील तर जेकोबी सोपा पडतो, कारण त्यात कोणाला कोणाची वाट बघावी लागत नाही. गाउस-सायडेल समांतर चालवायचा असेल तर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे बिंदू वेगळे करतात: आधी सगळे काळे, मग सगळे पांढरे. आणि तुमच्या या एकाच तारेसाठी खरं तर दोन्हींचीही गरज नाही. तीन पट्ट्यांचं मॅट्रिक्स थॉमसच्या रीतीने एकदा पुढे, एकदा मागे असं जाऊन थेट सुटतं, फेऱ्यांची भानगडच नाही. ते दहा-बारा ओळींत लिहून ठेवा. तारेऐवजी पत्रा घ्याल आणि पुन्हा फेऱ्यांकडे याल, तेव्हा आधी याच तारेवर थॉमसच्या उत्तराशी ताडून बघायला ते कामी येईल. मध्याला ४९.९१ यायला हवं.